चावी तुटली, तुकडा आत

चावी क्वचितच अचानक तुटते. दार चौकटीत घासायला लागलेलं असतं, मग चावी फिरवताना एका हाताने दार ओढावं लागतं, किंवा बाहेरून दार लावताना मुठीऐवजी लॅचमधली चावीच धरून दार ओढायची घरातल्या सगळ्यांना सवय लागलेली असते. पितळेची चावी अशी वाकत-सरळ होत राहते आणि सर्वांत खोल खाचेपाशी, म्हणजे ती जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे, तिला बारीक तडा जातो. एके दिवशी मूठ हातात राहते आणि दात आत.

यानंतरची पहिली काही मिनिटं महत्त्वाची असतात, कारण कुलूप बहुतेक वेळा चावी तुटल्यामुळे बिघडत नाही; तुकडा काढायच्या घाईत बिघडतं. हे का, ते समजण्यासाठी सिलिंडरच्या आत डोकवायला हवं. आपल्या फ्लॅटच्या दारांवरचे नाईट लॅच बहुतेक ज्या रचनेवर चालतात, तिचं पेटंट अमेरिकेत लायनस येल (धाकटा) याने १८६१ साली घेतलं. एका स्थिर नळीत एक फिरणारा गोल दांडा, आणि दोघांना आरपार जाणारी पाच-सहा उभी भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर एक नाजूक स्प्रिंग. चावी आत गेली की तिच्या खाचा पिनांना नेमक्या उंचीवर धरतात. दोन पिनांमधली फट दांड्याच्या कडेशी जुळते आणि दांडा फिरतो. पिना पितळेच्या, साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या. पोलादी टोकापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

आता तुकडा का अडकतो ते पाहा. चावी बाहेर येताना खाचांमधले उंचवटे पिनांखालून सरकत असतात, म्हणजे प्रत्येक पिनेला क्षणभर वर उचलावं लागतं. दांडा सरळ असेल तर पिनेला वर जायला भोक आहे. पण चावी अर्धवट फिरलेली असताना तुटली, तर भोकं एकमेकांसमोर नाहीत; पिनेच्या डोक्यावर नळीची भिंत आहे. ती वर जाऊ शकत नाही आणि तुकडा बाहेर येऊ शकत नाही. अशा वेळी कितीही ओढलं तरी ताकद फुकट जाते, वर पिना घासल्या जातात. म्हणून ओढण्याआधी चावीच्या भोकाची दिशा बघायची: आपण रोज ज्या स्थितीत चावी घालतो, अगदी त्याच स्थितीत ते आहे का?

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या मजल्यावरचं दार, संध्याकाळ, आत कोणी नाही. चावी सुमारे पाव वळसा फिरली आणि तुटली. तुकडा भोकाच्या तोंडापासून जेमतेम दोन मिलिमीटर आत आहे. चष्म्याच्या दुकानात वापरतात तसा छोटा, चपट्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याचं टोक फक्त भोकाच्या तोंडाशी टेकवा. आत दाबू नका, तुकडा पुढे ढकलायचा नाही. मग हलकेच, चावी फिरवावी तसं फिरवा. चावी फिरताना तुटली याचा अर्थ ती पूर्ण आत होती. तुकड्याने पिना अजून योग्य उंचीवर धरलेल्या आहेत. त्यामुळे दांडा सहज फिरायला हवा, आणि पूर्ण फिरला तर दारही उघडतं. माझं मत असं की आधी दार उघडावं, तुकडा नंतर. फिरायला जोर लागत असेल तर मात्र थांबा. तुकडा जागेवरून सरकला आहे आणि पिना जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे जोर लावला की पिना वाकतात.

दार उघडलं की लॅचची खिट्टी लावून ते उघडंच ठेवा आणि दांडा परत फिरवून सरळ करा. भोकं समोरासमोर आली की बोटांना हलकीशी टिक जाणवते. आता थोडी ग्रॅफाइटची पूड किंवा सिलिकॉन स्प्रे आत सोडा. खोबरेल तेल नको. थंडीच्या पहाटे ते गोठतं, आणि एरवीही धूळ धरून पिना जड करतं.

तुकडा काढायला चावीवाल्याकडे टोकाला उलटे काटे असलेली पातळ पट्टी असते. ती नसेल तर सोनार वापरतात त्या करवतीचं केसासारखं बारीक पातं चालतं. दुसऱ्या चावीवर बघून घ्या की दात वर आहेत की खाली. पिना त्याच बाजूला असतात आणि पातंही त्याच बाजूने, पिना आणि तुकडा यांच्या मधून घालायचं. इथे एक गोष्ट चुकायची नाही: पात्याचे दात तुकड्याकडे असावेत आणि बाहेरच्या दिशेने झुकलेले असावेत. गुळगुळीत पाठ पिनांकडे राहते, पिना तिच्यावर नुसत्या टेकतात. उलटं घातलं तर तेच दात पिनांची टोकं कापत जातात. पातं पहिल्या एक-दोन खाचांपुढे न्यायची गरज नसते. ते तुकड्यावर किंचित दाबून सरळ रेषेत हळूच ओढा. तुकडा सरकला की टिक, टिक असे धक्के लागतात; प्रत्येक वेळी पिना पुढच्या खाचेत पडत असतात. पातं हिसडलं तर तेच मोडतं आणि आत दोन तुकडे होतात. तुकड्याचं टोक बाहेर आल्यावर बारीक चिमट्याने धरा. जाड पकडीचं तोंड ते धरण्याऐवजी परत आत ढकलतं.

काडीला फेव्हिक्विक लावून तुकडा चिकटवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पातळ गोंद फटींमधून पिनांपर्यंत गेला की सिलिंडर बदलण्यावाचून उपाय नाही. लोहचुंबकाचा उपयोग नाही, पितळ त्याला चिकटत नाही. आणि सिलिंडर घरी खोलू नका. दांडा ओढला की स्प्रिंगा उडून जातात. कारागीर दांड्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची कांडी आत सरकवतो, म्हणून त्याच्या पिना जागेवर राहतात.

तुकडा निघाल्यावर दुसरी चावी दार उघडं असतानाच घालून पाहा. ती सहज जाते आणि फिरते, तर पिना शाबूत आहेत. चावी हलवून, उचलून फिरवावी लागत असेल किंवा बाहेर काढल्यावर तिच्यावर चमकणारी पितळेची भुकटी दिसत असेल, तर एखादी पीन कापली गेली आहे किंवा वाकली आहे. असा सिलिंडर काही दिवस चालेलही, पण त्यावर दार बंद करून बाहेर जाऊ नये.

दाते नसून अंगावर खळगे असलेली, ‘कॉम्प्युटर चावी’ म्हणतात ती तुटली असेल तर हा उपाय लागू नाही. पात्याला अडकायला कड मिळत नाही आणि पिना अनेकदा दोन्ही बाजूंना असतात. तिथे कारागीरच बोलवावा. चावीचे दोन्ही तुकडे मात्र टाकू नका. ते जुळवून धरले की चावीवाला त्यांवरून नवी चावी कापून देऊ शकतो. ते चिकटवून वापरायचा मोह तेवढा टाळा.