पगाराच्या शीटमध्ये उचल हरवू देऊ नका

ताईंनो, आखाजीला माहेरी जायला घेतलेली उचल फिटली की नाही, यावरून पगाराच्या दिवशी वाद होतो. वहीत एक आकडा, कामगाराच्या डोक्यात दुसरा. गटाच्या दुकानात दहा माणसं असतील तर एक्सेलमध्ये प्रत्येकाची एक ओळ करा, आणि दर महिन्याला नवी शीट.

पहिल्या ओळीत मथळे लिहा: A नाव, B महिन्याचा पगार, C गैरहजर दिवस, D जादा तास, E मागची उचल बाकी, F या महिन्यात दिलेली उचल, G या महिन्यात कापायची उचल. पुढच्या चार रकान्यांत, H2 ते K2 मध्ये, ही सूत्रं टाका:

```
H2: =ROUND(B2/26*C2,0)
I2: =ROUND(B2/26/8*2*D2,0)
J2: =B2-H2+I2-G2
K2: =E2+F2-G2
```

H म्हणजे गैरहजेरीची कपात, I जादा कामाचे पैसे, J हातात द्यायचा पगार आणि K शिल्लक उचल. आठवड्याची सुट्टी सोडून महिन्याचे २६ दिवस धरले आहेत. म्हणून सुट्टीचा दिवस किंवा पगारी रजा C मध्ये मोजू नका. पूर्ण महिना गैरहजर असेल तर C मध्ये 26 च लिहा, नाहीतर पगार उणे दिसेल. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर, म्हणून सूत्रात 2 आहे.

आता मे महिन्याचं एक उदाहरण बघू. पगार १५,६०० म्हणजे दिवसाला ६०० रुपये. दोन दिवस गैरहजर, १,२०० गेले. सहा तास जादा, तासाला १५० प्रमाणे ९०० आले. आखाजीची उचल ३,००० बाकी होती, मेमध्ये आणखी १,००० दिली आणि १,५०० कापायचे ठरले. हातात १३,८००, आणि उचल बाकी २,५००.

इथंच बहुतेकींचं चुकतं. मेमध्ये दिलेले १,००० त्या पगारातूनही वजा करतात आणि बाकीतही धरतात. मग कामगाराकडून तेच पैसे दोनदा घेतले जातात. पगारातून फक्त G वजा करायचं.

मागची बाकी हातानं उतरवू नका. मे शीटच्या E2 मध्ये लिहा:

```
=VLOOKUP(A2,'एप्रिल'!A:K,11,FALSE)
```

हे सूत्र नावावरून एप्रिलच्या शीटमधली बाकी शोधून आणतं. ओळी वरखाली झाल्या तरी एकीची उचल दुसरीच्या नावावर जात नाही. #N/A दिसलं तर नाव दोन्हीकडे सारखं लिहिलंय का ते बघा. नवी कामगार असेल तर तिथं 0 टाका. दोघींचं नाव सारखं असेल तर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडा, कारण हे सूत्र पहिलंच नाव उचलतं.

पगार देताना J आणि K दोन्ही आकडे वाचून दाखवा, मगच सही घ्या.