स्वल्पविराम की सेडिला?

रोमानियन भाषेत ș आणि ț ही दोन खास अक्षरे आहेत. पहिल्याचा उच्चार ‘श’ असा होतो, तर दुसऱ्याचा ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा. दोन्हींच्या खाली, अक्षरापासून जरा सुटा, स्वल्पविराम असतो. ş आणि ţ ही अक्षरे त्यांच्यासारखीच दिसतात; पण त्यांच्या खाली अक्षराला चिकटलेली आकडी असते. तिला सेडिला म्हणतात. सेडिलाचा ş तुर्की भाषेचा आहे.

दोन्ही रूपे रोमानियन मजकुरात शिरली ती संगणकामुळे. विंडोजच्या जुन्या मध्य-युरोपीय अक्षरसंचात फक्त सेडिलाची अक्षरे होती, म्हणून रोमानियनसाठीही तीच वापरली जात. 1999 साली युनिकोडच्या 3.0 आवृत्तीत स्वल्पविरामाच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. तरी विंडोज एक्सपीच्या मूळ फॉन्टमध्ये ती नव्हती. रोमानिया 2007 साली युरोपीय संघात गेला, त्या सुमाराला ही उणीव भरून निघाली. तोवरचा मजकूर मात्र सेडिलातच राहिला.

एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर शाखांची जुनी यादी Timişoara अशी असते आणि नवे पान Timișoara असे लिहिलेले असते. पहिल्या शब्दातल्या अक्षराचा क्रमांक U+015F, दुसऱ्यातल्याचा U+0219. वाचणाऱ्याला गाव एकच दिसते, पण नेमकी अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नव्या कळफलकावरून गावाचे नाव टाइप करणाऱ्या ग्राहकाला जुनी शाखा सापडतच नाही. युनिकोडचे प्रमाणीकरणही ही दोन रूपे एक करत नाही.

हा घोळ डोळ्यांनी पकडणे अवघड असते. अनेक फॉन्ट सेडिलाचा ţ स्वल्पविराम देऊनच काढतात, पण ş तुर्कीसाठी लागत असल्याने तिथे आकडी कायम ठेवतात. त्यामुळे सगळा मजकूर सेडिलाचा असला, तरी एकाच ओळीत दोन प्रकारच्या खुणा दिसतात. पानाची भाषा lang="ro" अशी नोंदवली असेल, तर काही फॉन्ट दोन्ही अक्षरे स्वल्पविरामाने दाखवतात. मग पान निर्दोष दिसते, आतले क्रमांक मात्र जुनेच असतात. याउलट, फॉन्टमध्ये ș नसेल तर ब्राउझर तेवढे अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आणतो आणि ते शब्दात उपरे दिसते. म्हणून खात्री करायची तर ş शोधून किंवा थेट क्रमांक पाहूनच करावी लागते.

दुरुस्ती चार अक्षरांची आहे:

```
sed 's/ş/ș/g; s/ţ/ț/g; s/Ş/Ș/g; s/Ţ/Ț/g'
```

ती सरसकट चालवली तर Beşiktaş सारखी तुर्की नावे बिघडतात, म्हणून ती आधी बाजूला काढावी लागतात. पानांच्या पत्त्यांमध्ये ही अक्षरे असतील, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोयही हवी. शिवाय जुन्या फायलींतून सेडिला पुन्हा येत राहतो. त्यामुळे मजकूर साठवताना आणि ग्राहकाचा शोधशब्द घेताना, दोन्हीकडे हाच बदल करून घेतला तरच मेळ टिकतो.