द्वादशीला प्रदोष कसा?

आजी म्हणते ‘आज प्रदोष’ आणि कॅलेंडरवर मात्र द्वादशी! चूक कुणाची? कुणाचीच नाही.

कॅलेंडर सूर्योदयाची तिथी छापतं. दर पंधरवड्याच्या या शिवव्रताला त्रयोदशी सूर्यास्तानंतर हवी. समजा, सोमवारी दुपारी ४ वाजता त्रयोदशी लागली आणि मंगळवारी दुपारी २ वाजता संपली. मंगळवारी संध्याकाळी ती उरलीच नाही! म्हणून व्रत सोमवारीच. हा झाला सोमप्रदोष.

त्या दिवशी मोठी माणसं उपास करतात. न झेपल्यास दूध, फळं घेतात. सूर्यास्तानंतर आंघोळ करून पिंडीवर पाण्याची धार धरायची, बेल पालथा वाहायचा, ‘नमः शिवाय’ म्हणायचं. पूजा झाली, की त्याच रात्री जेवून उपास सोडायचा. एकादशीसारखं सकाळपर्यंत थांबायला नको!