दिवाळीत काउंटरवर किती माणसं?

मिठाईच्या दुकानाची ड्युटी लावताना गेल्या वर्षीची तारीख पाहू नका, तिथी पाहा. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक मासामुळे ते 8 नोव्हेंबरला, रविवारी येतं.

मोजायची ती बिलं. भाव वाढले की गल्ला फसवतो. समजा, वर्षभराची रोजची सरासरी 120 बिलं आणि रविवारची 180, म्हणजे दीडपट. गेल्या दिवाळीआधीच्या आठवड्याची रोजची सरासरी 200 असेल, तर यंदा त्या आठवड्यातल्या रविवारी 300. एक माणूस दिवसाला 40 बिलं उरकत असेल, तर आठ जण हवेत.

मात्र रांग पाहून परतलेलं गिऱ्हाईक बिलांत दिसत नाही. संध्याकाळी तासाची बिलं एकाच आकड्यावर अडकलेली दिसली, तर माणसंच कमी होती असं समजावं.