‘वाता’ म्हणजे कापूस

रशियन भाषेत ‘वाता’ म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतो तो कापूस. आयुर्वेदाच्या वर्गात वाटायच्या कागदावर ‘वात वाढला आहे’ हे वाक्य रशियन लिपीत जसंच्या तसं उतरवलं, तर वाचणाऱ्याला आधी अंगात कापूस वाढल्याची बातमी मिळते. मग शब्दाचा अर्थच का देऊ नये? तसंही करून पाहता येतं. रशियन पुस्तकांत दोषांना वारा, पित्तरस आणि श्लेष्मा अशा अर्थाचे शब्द सापडतात. पण पित्तासाठीचा ‘झोल्च’ म्हणजे पित्ताशयातला द्रव, डॉक्टर म्हणतात तोच. ज्या विद्यार्थ्याचं पित्ताशय काढलेलं आहे, तो सरळ विचारणार, मग माझ्यात पित्त उरलंच नाही का? कफाचा ‘स्लीझ’ तर निव्वळ बुळबुळीत चिकटा.

म्हणून तिन्ही दोषांची नावं ठेवायची, पण एकटी सोडायची नाहीत. ‘वाता-दोशा’ असं जोडून लिहिलं की विभक्तीचे प्रत्यय ‘दोशा’ला लागतात, ‘वाता’ आहे तसाच राहतो आणि कापसाशी गाठ पडत नाही. पहिल्यांदा नाव येईल तिथेच एका ओळीत सांगायचं की शरीरातली सगळी हालचाल याच्याकडे असते, मग ती श्वासाची असो, मलाची असो वा स्नायूंची. पुढच्या पानांवर तो खुलासा पुन्हा लागत नाही.

सप्तधातूंचा तक्ता याहून अवघड. पहिला धातू रस. रशियन ‘रासा’ म्हणजे मानववंश, गोरा-काळा म्हणतात त्या अर्थानं! चौथा मेद. मधाला तिकडे ‘म्योद’ म्हणतात, त्याची षष्ठी ‘म्योदा’. त्यातल्या ‘यो’ या अक्षरावरचे दोन ठिपके छपाईत बहुतेक वेळा गाळतात, त्यामुळे कागदावर ‘मधाचा’ आणि ‘मेद’ हे हुबेहूब सारखे दिसतात. आयुर्वेद मेद कमी करायला मध सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या गोंधळात काही कमी राहत नाही. इथे मी उलट बाजूनं जाते. रक्त, मांस, मेद, अस्थी या सगळ्यांना रशियन शब्द आहेत, तेव्हा आधी ते मोठ्या अक्षरांत आणि संस्कृत नाव शेजारच्या रकान्यात. फक्त ‘रस’ नावानिशी ठेवते, ‘रासा-धातू’ असा जोडून, आणि पुढे ‘अन्न पचल्यावर पहिल्यांदा तयार होणारा पोषक द्रव’ एवढं. रक्तातला प्लाझ्मा असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं लिहिलं की विद्यार्थी लगेच रक्ततपासणीचा रिपोर्ट काढून बसतो.

ऱ्हस्व-दीर्घाची सोय रशियन लिपीत नाही. त्यामुळे मल आणि माला दोन्ही एकाच अक्षरांत ‘माला’ होतात, आणि शौचाच्या सवयीवरचं पान जपाच्या पानाशेजारी आलं की पंचाईत. जपमाळेला ‘च्योत्की’ हा घरगुती शब्द आहे, तोच वापरावा. मलासाठी शरीराला नको असलेलं, टाकाऊ, असं स्पष्ट लिहावं. शिवाय शब्दातला आघात कुठे हे रशियन माणसाला सांगावंच लागतं, नाहीतर बाकीचे स्वर तो पुसट करून टाकतो. ‘आसन’ पुष्कळजण मधल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात. पहिल्या उल्लेखात ‘आ’वर आघाताची रेघ दिली की काम भागतं.

यात मराठी शिक्षकाची एक वेगळी भर पडते. रशियन पुस्तकं संस्कृतातला शेवटचा ‘अ’ धरून ‘ताडासाना’, ‘काप्खा’ लिहितात. आपला शिक्षक वर्गात ‘ताडासन’ आणि ‘कफ’ म्हणतो. ताडासन कसंबसं ओळखता येतं, पण ‘कफ’ आणि ‘काप्खा’ एकच आहेत हे विद्यार्थ्याला कुणीतरी सांगावं लागतं. मी तक्त्याखाली ‘शिक्षक असं म्हणतील’ अशी एक ओळ टाकते.

आसनांच्या नावांत अर्थ द्यायचा की नाही, हे वर्गाकडे पाहून ठरतं. अधोमुख श्वानासनाला रशियनांनी ‘तोंड खाली केलेला कुत्रा’ असं नाव दिलं आहे आणि ते सर्रास चालतं, कारण नावातच आकृती दिसते. शवासनालाही ‘प्रेताची स्थिती’ असं भाषांतर आहे. पण दमलेल्या साठीच्या बाईला दिव्याखाली डोळे मिटून आडवं पडायला सांगताना ते कशाला? ‘शावासाना’ पुरे. ‘श्वास सोडा’, ‘गुडघा सैल ठेवा’ या सूचना मात्र नेहमी साध्या रशियनमध्येच, तिथे संस्कृतचं काही काम नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते पथ्य. लिप्यंतर केलं तर कुणाला कळत नाही, आणि ‘दियेता’ म्हटलं तर बहुतेकांच्या डोक्यात वजन कमी करणं येतं. ‘औषध चालू असताना काय खावं, काय नको’ असं लांबलचक लिहिण्यावाचून इलाज नाही. आपलं ‘मला दही मानवत नाही’ हे तिकडे ‘दह्याचा मला उपयोग होत नाही’ अशा अर्थाच्या वाक्प्रचारानं बऱ्यापैकी पोचतं. स्वयंपाकघरातल्या जिनसांना तर देशी नावंच हवीत. तुपाला वितळवलेल्या लोण्याचं त्यांचं स्वतःचं नाव आहे, हळदीला ‘कुर्कुमा’. जपायचं ते जिऱ्याला. ‘त्मीन’ लिहिलं तर विद्यार्थी बाजारातून शहाजिऱ्यासारखं वेगळंच बी आणतो. जिरं हवं असेल तर ‘झीरा’ लिहावं, मसाल्याच्या दुकानदाराला ते कळतं.