बिलाच्या कागदावरून टेम्प्लेटच्या रकान्यात

पुरवठादाराच्या पीडीएफ बिलातून क्रमांक, तारीख, माल आणि रक्कम उचलून एक्सेलच्या तक्त्यात मांडणे हे आता फारसे अवघड राहिलेले नाही. तो तक्ता हिशेबाच्या सॉफ्टवेअरने जसाच्या तसा स्वीकारणे मात्र निराळे काम आहे. सॉफ्टवेअर आपला टेम्प्लेट आधीच ठरवून ठेवते. कोणत्या रकान्याचे शीर्षक काय, तारीख कशी लिहायची आणि दशांश चिन्ह कोणते, हे त्यात पक्के असते. त्यात न बसणारी ओळ एकतर नाकारली जाते किंवा चुकीच्या अर्थाने आत शिरते. नाकारलेली ओळ निदान नजरेस तरी येते. खरा धोका आत शिरलेल्या चुकीचा असतो.

हे समजून घेण्यासाठी `Xero` या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीची बिले चढवण्याचे काम पाहता येईल. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले हे सॉफ्टवेअर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या लहान व्यवसायांत बरेच रुळलेले आहे. तिकडच्या ग्राहकांची हिशेबनिशी भारतातल्या कार्यालयांत बसून केली जाते, त्यामुळे इथल्या अकाउंटंटच्या हातूनही हा टेम्प्लेट जातो. इथे उदाहरण ब्रिटिश व्यवसायाचे घेतले आहे.

टेम्प्लेट सॉफ्टवेअरमधूनच उतरवून घ्यावा लागतो. ती एक सीएसव्ही फाइल असते आणि तिच्या पहिल्या ओळीत शीर्षके असतात. भरणे सक्तीचे असलेल्या रकान्यांच्या शीर्षकापुढे तारका असते: `*ContactName`, `*InvoiceNumber`, `*InvoiceDate`. ही तारका शीर्षकाचाच भाग आहे. ती काढून टाकणे, `Invoice Date` असे सुटे लिहिणे किंवा ‘तारीख’ असे सोयीचे नाव देणे चालत नाही. पत्त्याचे रकाने लागणार नसले तरी ते पुसू नयेत, रिकामे सोडावेत. सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे शीर्षके स्वतः टाइप न करता उतरवलेल्या फाइलमध्येच माहिती आणून भरणे. हाताने लिहिलेल्या शीर्षकाच्या शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरला दिसते.

समजा, एका बिलाचा क्रमांक `00417` आहे, तारीख ३ एप्रिल २०२५ आणि पैसे ३० दिवसांत द्यायचे आहेत. माल आहे ५०० पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकी ०.३७५ पौंड, म्हणजे १८७.५० पौंड. पोहोचवण्याचे १२ पौंड. करापूर्वीची बेरीज १९९.५०, त्यावर २० टक्के व्हॅट ३९.९०, एकूण २३९.४० पौंड. बिल एक असले तरी त्याच्या दोन ओळी आहेत, आणि टेम्प्लेटमध्येही त्या दोनच राहतात. पुरवठादाराचे नाव, बिलाचा क्रमांक आणि तारखा दोन्ही ओळींत पुन्हा लिहायच्या, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांचे एकच बिल बांधते. रिकामे रकाने वगळून पाहिले तर फाइल अशी दिसते:

```
*ContactName,*InvoiceNumber,*InvoiceDate,*DueDate,Description,*Quantity,*UnitAmount,*AccountCode,*TaxType
Box Supplier,00417,03/04/2025,03/05/2025,Cartons,500,0.375,310,20% (VAT on Expenses)
Box Supplier,00417,03/04/2025,03/05/2025,Delivery,1,12.00,425,20% (VAT on Expenses)
```

शेवटच्या दोन रकान्यांतला खात्याचा कोड आणि कराचे नाव त्या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये जसे नोंदलेले आहे तसेच हवे. ‘२० टक्के व्हॅट’ हा अर्थ बरोबर असून उपयोग नाही. तिथे नुसते `20%` लिहून भागत नाही, पूर्ण नावच लागते.

सर्वांत जास्त घोटाळा तारखेत होतो, आणि त्याचे मूळ सहसा एक्सेलमध्ये असते. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल तर `03/04/2025` ही तारीख एक्सेल ४ मार्च अशी वाचते आणि काहीच बोलत नाही. `23/04/2025` वाचायला गेल्यावर २३ वा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहते. परिणामी एकाच रकान्यात खऱ्या, पण चुकलेल्या तारखा आणि तारखेसारखा दिसणारा मजकूर एकत्र नांदतात. ओळखायची खूण सोपी आहे. सेलची मांडणी बदललेली नसेल तर खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. एकट्या एप्रिलची बिले असताना रकान्यात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचे महिने दिसू लागले, तर दिवस आणि महिना उलटले हे नक्की. ही चूक किरकोळ नाही: ३ एप्रिलचे बिल ४ मार्चला गेले की जानेवारी ते मार्च अशी तिमाही असलेल्या व्यवसायाचा व्हॅट चुकीच्या विवरणपत्रात जातो.

यावर उपाय म्हणजे बिलातून काढलेली तारीख आधी मजकूर म्हणूनच ठेवायची आणि तिचे तुकडे स्वतः जोडायचे. `A2` मध्ये दिवस-महिना-वर्ष या क्रमाने दहा अक्षरांची तारीख असेल तर हे सूत्र पुरते:

```
=TEXT(DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)),"dd/mm/yyyy")
```

मधले चिन्ह तिरकी रेघ असो वा जर्मन बिलांवर असते तसे टिंब, सूत्र तेच चालते. पुरवठादार अमेरिकन असेल तर मात्र महिना आधी येतो, म्हणून सूत्रातल्या दोन तुकड्यांची अदलाबदल करावी लागते. कोणता पुरवठादार कोणत्या रीतीने तारीख लिहितो, हे एका बिलावरून ठरवू नये. १२ पेक्षा मोठा दिवस असलेले त्याचे एखादे बिल शोधावे. (प्रत्येक टेम्प्लेटची आवड वेगळी असते. आपल्याकडच्या जीएसटीच्या ऑफलाइन टूलला `03-Apr-2025` अशी तारीख लागते.)

रकमांच्या बाबतीत नियम थोडक्यात असा: फक्त अंक आणि दशांशाचे टिंब. पौंडाचे चिन्ह नको, हजारांचा स्वल्पविराम नको, आपल्याकडच्या `1,23,456.00` मधले दोन्ही स्वल्पविरामही नकोत. वजा रक्कम कंसात असेल तर कंस काढून अंकांपुढे उणे चिन्ह द्यावे. जर्मन बिलावर `1.250,00` म्हणजे साडेबाराशे. तिथे आधी टिंबे पुसून मग स्वल्पविरामाच्या जागी टिंब ठेवायचे. हा क्रम उलटला तर सगळीच टिंबे जातात आणि साडेबाराशेचे सव्वा लाख होतात. बिलावर नुसते `1.250` असेल तर ते अधिक फसवे, कारण एक्सेल त्याला निमूटपणे सव्वा समजते.

याहून लपून राहणारी चूक दशांश स्थळांची आहे. सीएसव्ही साठवताना एक्सेल सेलमधली मूळ किंमत लिहीत नाही, पडद्यावर जे दिसते ते लिहिते. सेल दोन दशांशांपुरता मर्यादित केलेला असेल तर खोक्याची किंमत `0.375` ऐवजी `0.38` अशी फाइलमध्ये जाते. मग ५०० खोक्यांचे १९० पौंड होतात, करासह बिल २४२.४० वर जाते आणि पुरवठादाराच्या कागदाशी तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणून दराच्या रकान्याला चार दशांश ठेवावेत. `Xero` दरासाठी तेवढे स्वीकारते.

फाइल साठवल्यावर ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडून तपासण्याचा मोह टाळावा. उघडताच एक्सेल तारखा पुन्हा आपल्या पद्धतीने वाचते आणि `00417` चे `417` करते. त्यानंतर सवयीने ‘सेव्ह’ दाबले की आधीची मेहनत गेली. तपासणी नोटपॅडमध्ये करावी. तिथे स्वल्पविरामांसकट नेमका तोच मजकूर दिसतो, जो सॉफ्टवेअर वाचणार आहे.

फाइल चढवताना `Xero` दरात कर धरला आहे की नाही, हे विचारते. वरच्या उदाहरणात कर धरलेला नाही. उत्तर उलटे दिले तर एकूण रक्कम १९९.५० पौंडच येते आणि व्हॅट तिच्यातूनच वेगळा काढला जातो. चढलेली बिले आधी मसुदा म्हणून थांबतात, त्यामुळे मंजुरीपूर्वी पडताळायला जागा राहते. मूळ पीडीएफ बिलांच्या एकूण रकमांची बेरीज आणि मसुद्यांची बेरीज पेनीपर्यंत जुळावी. बेरीज जुळूनही तारखा चुकलेल्या असू शकतात, म्हणून सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कागदांशी ताडून पाहावी.