मशीनचं पाणी थांबेना, तेव्हा

वॉशिंग मशीन भरतच राहिलं की बहुतेक घरांत मागचा नळ बंद करून थेट मेकॅनिकला फोन जातो. त्याआधी एक गोष्ट जरूर पाहा. फरशी कोरडी असेल तर नळ चालू ठेवून मशीनचं बटण भिंतीवरून बंद करा आणि टबमध्ये डोकवा. पाणी येतंच आहे की थांबलं? फरशीवर पाणी असेल तर बटणाला हात न लावता मेन स्विच पाडा.

वीज बंद करूनही पाणी येत असेल, तर दोष इनलेट व्हॉल्वमध्ये आहे. नळाचा पाइप मशीनच्या पाठीमागे जिथे जोडतात, तिथेच हा व्हॉल्व असतो. आत रबरी पडदा असतो आणि त्याला सुईच्या टोकाएवढं बारीक छिद्र. त्या छिद्रातून पाणी पडद्याच्या मागे शिरतं आणि स्वतःच्याच दाबाने पडदा बंद धरून ठेवतं. कॉइलला वीज मिळाली की मधली दांडी वर उचलली जाते, मागचा दाब सुटतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे वीज नसताना हा व्हॉल्व बंदच राहायला हवा. वाळूचा कण अडकला, क्षार साचले किंवा पडदा फाटला, तर तो नीट बसत नाही.

गच्चीच्या टाकीखालच्या, सर्वांत वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण येते. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो. टाकी नळापासून 3 मीटरच वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार. पडदा घट्ट दाबून धरायला तो कधीकधी पुरत नाही. त्यात पाणी हळू येतं म्हणून काही जण व्हॉल्वच्या तोंडाची जाळी काढून टाकतात. हे अगदी चुकीचं आहे, कारण मग गाळ थेट पडद्यावर जातो. जाळी जुन्या टूथब्रशने धुऊन परत बसवा. तरीही गळती राहिली तर व्हॉल्व बदलावा.

वीज बंद करताच पाणी थांबलं, तर व्हॉल्व शाबूत आहे. त्याला ‘बंद हो’ हा निरोपच मिळत नाही. टबच्या तळापासून एक बारीक नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. पाणी चढतं तशी नळीतली हवा दाबली जाते आणि ठरलेल्या पातळीला स्विच पाणी तोडतो. नळी निसटली, तिला चीर गेली किंवा तळाशी साबणाचा गाळ आणि धागे अडकले, तर मशीनला टब रिकामाच वाटतो. मेकॅनिक प्लग काढून नळी सोडवतो आणि स्विचच्या तोंडाशी हलकेच फुंकतो. जुन्या पद्धतीच्या स्विचमधून ‘टक्’ आवाज आला तर स्विच चांगला, नळीच साफ करायची किंवा बदलायची. नव्या मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा असा आवाज येत नाही. नळी आणि सेन्सर दोन्ही ठीक निघाले, तर बोर्ड तपासावा लागतो.

टब भरतच नसेल आणि पाणी नुसतं चालू असेल, तर निचऱ्याकडून ते निघून जातंय का ते पाहा.

मेकॅनिकला फोन करताना ‘वीज बंद केल्यावर पाणी थांबलं’ की ‘थांबलं नाही’ एवढं सांगा. कोणता पार्ट सोबत आणायचा ते त्याला कळेल. आणि तो येईपर्यंत नळ बंदच ठेवा.